बाकावर विचारलेले प्रश्न

आमच्या दवाखान्यात खिडकी नसलेली एकच खोली आहे आणि गेली चार वर्षं माझे दिवसाचे सहा-सात तास त्याच खोलीत जातात. पूर्वी तिथं औषधांचे खोके ठेवत. डॉक्टरांनी चुंबकीय उपचाराचं मशीन घेतलं तेव्हा खोके जिन्याखाली गेले आणि खोलीत एक मोठी खुर्ची, मशीन, व्होल्टेजचा चढउतार सांभाळणारा डबा, झटका आला तर लागणाऱ्या सामानाचा ट्रे आणि एक स्टूल आलं. स्टुलावर मी. धाराशिवात हे मशीन चालवणारी माणसं फार नाहीत. आमच्या दवाखान्यात तर मी एकटीच. मी सुट्टी घेतली की सगळ्यांचा दिवस बुडतो, म्हणून मी सुट्टी घेत नाही.

त्याआधी मी बावीस वर्षं वॉर्डात नर्स होते. तिथं लागलेली सवय म्हणजे याद्या. या उपचारासाठीही मी सुरुवातीच्याच आठवड्यात दोन याद्या केल्या. पहिली, हा उपचार कुणाला द्यायचा. निदान डॉक्टरांनी नैराश्याचं केलेलं हवं. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊन गुण आलेला नसावा. मधेच अतिउत्साहाचे, झोपेवाचून चालणारे दिवस येऊन गेलेले नाहीत ना, हे पाहिलेलं हवं. जिवाचं काही करून घेण्याची घाई असलेला माणूस या रांगेत नको, त्याला लगेच वेगळे उपचार लागतात. आणि सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, तीस वेळा येणं जमायला हवं. शेवटची अट लिहायला सोपी आणि पाळायला सगळ्यांत अवघड. इथं लोक दोन एसट्या बदलून येतात, आणि मंगळवारी, शुक्रवारी, पुनवेला तुळजापुरात गाडी किती वेळ अडकेल ते कुणी सांगू शकत नाही.

दुसरी यादी सुरक्षेची. डोक्यात किंवा कानाच्या आत धातूचं काही बसवलंय का, छातीत पेसमेकर आहे का, पूर्वी कधी फिट आली होती का, डोक्याला जबर मार, मेंदूची शस्त्रक्रिया, पक्षाघात, दारू, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, गरोदरपण. एकेका प्रश्नापुढं हो-नाहीचे चौकोन. ही यादी मी स्वतः सोप्या मराठीत लिहिली होती आणि तिचा मला अभिमान होता. सकाळची गर्दी उरकावी म्हणून ती मी बाहेरच्या बाकावरच भरून घ्यायची. पेशंट मधे, घरचे दोन्ही बाजूंना, मी समोर पॅड घेऊन. दहा मिनिटांत काम व्हायचं.

ती आली तेव्हा चौतिशीची होती. नळदुर्गजवळ हायवेवर तिच्या सासरचा शाकाहारी ढाबा. माहेर सीमेपलीकडं, आळंदच्या बाजूला. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. दोन मुलं. दोन वर्षांपासून ती अशी झाली होती, की चुलीपुढं उभी राहायची आणि वरणात मीठ घातलंय की घालायचंय हे तिला ठरवता यायचं नाही. तिथंच उभी राहायची. दोन औषधं होऊन गेली होती, तिसरं चालू होतं. डॉक्टरांनी तिला एकटीला आत घेऊन मरणाच्या विचारांबद्दल विचारलं. विचार यायचे, पण तसा काही बेत नव्हता. पहिल्या यादीत ती बसली.

दुसरी यादी घेऊन मी बाकाशी गेले. उजवीकडं नवरा, डावीकडं सासू. सासूबाई साठीच्या, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग. चाळीस वर्षं ढाब्याचं स्वयंपाकघर चालवलेली बाई. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायला तिला वेळ लागत नव्हता.

"डोक्यात काही धातूचं बसवलंय?"

"न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "डोक्यात काय बी न्हाय, तीच तर तक्रार हाय."

नवरा खाली बघून हसला.

"डोक्याला मार? मोठी पडझड?"

"न्हाय."

"फिट कधी आली होती? लहानपणी वगैरे?"

"फिट?" सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घराण्याबद्दल काही विचारलंय. "फिटवाली आमी करून आणली असती व्हय?"

"गरोदरपण?"

"ऑपरेशन झालंय तिचं. लिवा, न्हाय."

मी लिहिलं. सगळे चौकोन नाहीचे. तिच्याकडं मी एकदा पाहिलं, तिनं मान हलवली. कुणासाठी हलवली ते मी पाहिलं नाही. नवऱ्यानं सही केली, मी तिला पहिल्या दिवसाची वेळ दिली, सकाळी दहाची, आणि पुढच्या पेशंटकडं वळले. दहा मिनिटं.

पहिला दिवस मोजमापाचा असतो. कुणाच्या मेंदूला किती जोर लागतो ते माणसागणिक वेगळं, म्हणून आधी ते शोधावं लागतं, आणि ते डॉक्टर स्वतः करतात. मी तयारी केली. कानातलं, चमकी, केसांच्या पिना काढल्या, मोबाइल बाहेर. मंगळसूत्रही काढावं लागतं. ड्रॉवरमध्ये मी पिवळ्या दोऱ्यात ओवलेली हळकुंडं ठेवलेली आहेत, ती घातली की बायका बिनघोर बसतात. तिनंही घातली. मंगळसूत्र नवऱ्याच्या हातात देऊन त्याला बाहेर बसवलं. कानात बोळे घातले, कारण मशीनचा आवाज हातोडीनं पत्र्यावर टकटक केल्यासारखा असतो.

डॉक्टरांनी आठाच्या आकड्यासारखं ते वेटोळं तिच्या डोक्याच्या डाव्या बाजूला धरलं. हात हलवणारा मेंदूचा भाग तिथं असतो. एक ठोका. काही नाही. जरा जोर वाढवला, वेटोळं बोटभर सरकवलं. टक. मांडीवर ठेवलेल्या तिच्या उजव्या हाताचा अंगठा उडाला.

हे आम्हाला हवंच असतं. दहा ठोक्यांत निदान पाच वेळा अंगठा हलेल असा कमीत कमी जोर शोधायचा असतो. बहुतेक पेशंट अंगठा उडाला की हसतात. एक गुरुजी तर म्हणाले होते, बायकोचंही मी एवढं ऐकत नाही, जेवढं हा अंगठा या मशीनचं ऐकतो. तिनं मात्र डाव्या हातानं तो अंगठा घट्ट धरला आणि डोकं वेटोळ्याखालून काढून घेतलं. चेहरा पांढरा पडला होता.

"दुखलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं कानातले बोळे काढले. दाराकडं पाहिलं. "हे सगळ्या अंगाला झालं तर?"

"तसं सहसा होत नाही. का विचारता?"

"झालंय." आवाज इतका हळू, की मी स्टुलावरून पुढं वाकले. "सहावीत असताना. एकदा शाळेत, एकदा घरी. आधी हात असाच उडायचा. मग काही आठवत न्हाय."

"ताप होता त्या वेळी?"

"न्हाय. तीन वर्षं गोळ्या होत्या. मग बंद केल्या. नंतर कधीच न्हाय." मग माझ्याकडं वळून, "सिस्टर, बाहेर सांगू नका. आईनं लग्नात सांगितलं न्हाय. माझ्या धाकट्या बहिणीचं बघायला लागलेत आता."

डॉक्टरांनी वेटोळं बाजूला ठेवलं. त्या वेळी मला फक्त माझी यादी दिसत होती. तिसऱ्या प्रश्नापुढचा माझ्याच अक्षरातला तो ‘नाही’. ज्या प्रश्नाला या मुलखात कुठलीच सून सासूसमोर हो म्हणू शकत नाही, तो मी तिला सासूच्या मांडीला मांडी लावून बसवून विचारला होता. यादीत चूक नव्हती. बाकात होती.

त्या दिवशी पुढं काही केलं नाही. डॉक्टरांनी तिला नीट सांगितलं. या उपचारात झटका येण्याची शक्यता फार कमी असते, पण ज्याला पूर्वी झटके आलेत त्याच्यासाठी ती इतरांहून जास्त. म्हणून हा विषय मिटला असं नाही, पण आता न्यूरॉलॉजिस्टनं तपासायचं, मेंदूचा आलेख काढायचा, मग ठरवायचं. आणि हे लिहिल्याशिवाय मशीन लावणार नाही, असंही ते म्हणाले.

"लिहिलं की कळंल," ती म्हणाली.

तिचं म्हणणं बरोबर होतं. आमच्याकडं फाइल पेशंटबरोबर घरी जाते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला लटकवतात. नवरा वाचतो, दीर वाचतो, गावातला औषधाच्या दुकानवाला वाचतो, पाहुणा आला तर तोही चाळतो.

"तुमच्या आजाराची माहिती तुमची आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सांगितल्याशिवाय आम्ही ती नवऱ्यालाही देत नाही, कायदाच तसा आहे. नोंद होईल, पण ती इथं कपाटात राहील. घरच्या फाइलीत फक्त गोळ्या आणि तारखा."

मी वेगळा कागद काढला. बाकावरचा ‘नाही’ खोडला नाही. त्याच्याखाली नवी नोंद, वेळ, माझी सही. खोडलेली नोंद मी आयुष्यात ठेवलेली नाही. कागद कपाटात गेला आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. त्या दिवसापासून ती किल्ली घरी भाजी चिरतानाही मला आठवायची.

नवऱ्याला डॉक्टरांनी सांगितलं, सुरू करण्याआधी मला मेंदूची एक तपासणी हवी आहे, सोलापूरला जावं लागेल.

"पण आज मशीन चालू झाली ना? आवाज आला की टकटक."

"ते मोजमाप होतं."

"बाकीच्यांना सोलापूरला न्हाय पाठवलं," तो म्हणाला. बाकावर बसून त्यानं तेवढ्या वेळात सगळ्यांची चौकशी केली होती. बाकावर तेच तर काम असतं.

"प्रत्येकाचं वेगळं असतं," डॉक्टर म्हणाले. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

आलेख चांगला आला. न्यूरॉलॉजिस्टनं लिहिलं, इतक्या वर्षांत झटका नाही, तेव्हा काळजी घेऊन करायला हरकत नाही. डॉक्टरांनी बेत बदलला. नेहमी आम्ही डोक्याच्या डाव्या बाजूला पुढं, भराभर ठोक्यांचा उपचार देतो. तिला उजव्या बाजूला, संथ. सेकंदाला एक ठोका, वीस मिनिटं, बाराशे ठोके. संथ ठोक्यांत झटक्याची भीती कमी. गोळ्यांतली एक गोळी झटक्याला वाट करून देणारी होती, ती डॉक्टरांनी आधी हळूहळू डोस उतरवत बंद केली. आणि रोजचे प्रश्न माझ्याकडं दिले. कुठली नवी गोळी घेतली का, काही चुकली का, डोकं दुखतंय का, रात्री झोप किती तास. झोप कमी असेल त्या दिवशी तिला बसवायचं नाही. अपुऱ्या झोपेनं मेंदू चिडलेला असतो.

संमतीपत्र मी तिला एकटीला वाचून दाखवलं. दार लावून. वाढलेल्या धोक्याची ओळ तिनं दोनदा वाचायला लावली. दारावर टकटक झाली.

"सही करायची असंल तर मी करतो की," नवरा म्हणाला.

"तुमची सही लागत नाही."

"मागच्या वेळी लागली."

"मागच्या वेळी मी चुकीची घेतली."

त्याचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता तो. रोज दोन बस बदलून बायकोला घेऊन यायचा, तिची पाण्याची बाटली स्वतः धरायचा. पण आतापर्यंत कुणी त्याच्या तोंडावर दार लावलं नव्हतं, आणि आता मी ते रोज लावत होते.

पहिले आठ दिवस सुरळीत गेले. मी स्टुलावर, ती खुर्चीत, सेकंदाला एक ठोका. मी तिच्या चेहऱ्यावरून आणि हातावरून नजर हलवत नव्हते. इतरांच्या वेळी मी मधे रजिस्टर भरते, तिच्या वेळी भरलं नाही. बाराशे ठोके आम्ही दोघी मोजत होतो असं मला वाटायचं. एकदा तिनं विचारलं, "सिस्टर, तुमाला बी हितं कोंडल्यासारखं होत असंल ना?" मी म्हटलं, बोलू नका, डोकं हलतं.

झोपेचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. ढाब्यावर पहाटे ट्रक थांबतात, त्यांना सहाला नाश्ता लागतो. साडेचारला उठून कणिक मळायचं काम सुनेचं. ती सहा तास सांगायची, साडेसहा सांगायची. मी दहाऐवजी दुपारी एकची वेळ करून दिली, म्हणजे बाकी आवरून ती तासभर आडवी होऊ शकेल. तर सासूबाईंनी त्या तासात धुणं घातलं.

नवव्या दिवशी ती आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. आदल्या दिवशी संध्याकाळी पुतण्याच्या जावळाचं जेवण होतं, घरात शंभर माणसं.

"किती तास?"

"तीन," ती म्हणाली. खोटं बोलता आलं असतं. बोलली नाही.

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. मी बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, आजचा दिवस पुढं ढकलू, शेवटी एक वाढवून देईन.

"का?"

"झोप झालेली नाही."

"सिस्टर, पन्नास किलोमीटर आलो. तुळजापुरात तासभर गाडी थांबली. झोप झाली न्हाय म्हणून परत?" तो उठून उभा राहिला. बाकावरचे सगळे बघू लागले. "काल त्या गुरुजींनी माझ्यासमोर सांगितलं, चारच तास झोपलो. त्यांना बसवलं तुमी. डॉक्टरांना विचारून बसवलं. मी काय आंधळा हाय?"

"त्यांचं वेगळं आहे."

"काय वेगळं हाय? सोलापूरला आमीच. उजवी बाजू आमचीच, बाकीच्यांची डावी. दार आमचंच लावता. आन् आता झोप बी आमचीच मोजता." आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त लागला. "तिला काय झालंय ते मला सोडून सगळ्यांना ठावं हाय. व्हय का न्हाय?"

खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, या दोन ओळींच्या मधे माझ्याकडं काही लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "आत या. तुम्ही दोघंही."

ती खुर्चीच्या कडेला बसली होती, हळकुंडाचा दोरा हातात. तिनं आमच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "सिस्टर, दार लावा."

मी लावलं. "मी बाहेर थांबू?"

"न्हाय. थांबा तुमी." मग त्याच्याकडं न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तसं, "मला लहानपणी फिट आल्या होत्या. दोन. म्हणून ह्या सगळ्या भानगडी."

तो व्होल्टेजच्या डब्यावरच्या हिरव्या दिव्याकडं बघत राहिला. त्या खोलीत दुसरं बघायला काही नाही.

"कधी?"

"सहावीत."

"आन् आता?"

"तवापासून न्हाय. एकदा बी न्हाय."

"दोन बाळंतपणं झाली. तवा?"

"डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं. आत्या चहाला गेल्या तवा." आत्या म्हणजे सासू.

"म्हणजे त्यांना ठावं. ह्यांना ठावं." त्यानं माझ्याकडं बोट केलं. "तुझ्या आईला ठावं. मी तेरा वर्षं शेजारी झोपतो."

मग ती कानडीत एक वाक्य बोलली. मला थोडी कानडी कळते, पण ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं आणि मी इथं ते लिहिणार नाही. तो खाली बसला, माझ्या स्टुलावर. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तिघांना ती खोली पुरत नाही.

"तुझ्या बहिणीला बी हाय का?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"खरं?"

"खरं."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. मग मला विचारलं, "तुमच्या कागदावर हाय हे?"

"आहे."

"कोण बघतं?"

"डॉक्टर आणि मी."

"आईला कळता कामा नये," तो म्हणाला. ते मला उद्देशून होतं की तिला, ते समजलं नाही. "आईला कळलं तर तुझ्या घरचे उभे करील दारात. आन् पोरांना तुझ्याबरोबर पाठवणार न्हाय." मग उठला. "झोप किती लागती?"

"सात तास तरी. रोज."

"रोज," तो म्हणाला, आणि दार उघडून बाहेर गेला. बाकावरच्या गुरुजींनी विचारलं, काय झालं हो. तो म्हणाला, "काय न्हाय, मशीन बिघडलीय."

दुसऱ्या दिवशी ती साडेसात तास झोपून आली. पहाटेची कणिक त्यानं मळली होती. घरात सांगितलं होतं, की मशीनवाल्यांनी झोपेचा नियम केलाय, मोडला तर मशीन लावत न्हाईत. यात एक शब्द खोटा नव्हता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण इतके दिवस एकटी ती कोंडलेली होती, आता तो आत आला होता आणि दार पुन्हा लागलं होतं. तो बाकावर बसायचा, पण आता कुणाची चौकशी करायचा नाही. कुणी त्याला विचारलं की फोन काढायचा.

दर आठवड्याला डॉक्टर प्रश्नावलीवरून आजाराचे गुण काढतात, जितके कमी तितकं बरं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत फारसा फरक नव्हता. चौथ्यात उतरायला लागले. मला गुणांआधी दुसरं कळलं. तिनं एसटीत खिडकीच्या जागेवरून एका बाईशी भांडण केलं आणि ते मला सगळं सांगितलं, कोण काय म्हणालं, मग ती काय म्हणाली. महिन्याभरापूर्वी तिला भांडणात काय म्हणायचं ते सुचलं नसतं. पाचव्या आठवड्यात गुण निम्म्यावर आले. बरी झाली असं मी म्हणणार नाही. गोळ्या चालू आहेत, तपासणीला यायचं आहे. पण चुलीपुढं उभं राहणं थांबलं.

शेवटच्या आठवड्यात नवऱ्याला कामाला जावं लागलं म्हणून तिच्याबरोबर सासूबाई आल्या. मी तिला आत बसवलं, कानात बोळे घातले. तेवढ्यात सासूबाई दारात.

"बाई, एक विचारू?"

"बाहेर बोलू या."

"न्हाय, हितंच सांगा. खरंच तुमच्या मशीनला सात तास झोप लागती? का पोरानं बायकोचे लाड करायला काढलंय?"

खुर्चीत ती ताठ झाली. तिच्या कानात बोळे होते, पण तिनं ओठ वाचले असावेत.

"लागते," मी म्हणाले. "तिला लागते. डॉक्टरांचा नियम आहे."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. ढाब्यावर गिऱ्हाईक जेवून उठलं की ते खरंच जेवलं की नुसतं ताट चिवडलं, हे ओळखणारी ती नजर. मी नजर हलवली नाही. याआधी मी कुठल्या पेशंटच्या नातेवाइकाकडं इतकं टक लावून पाहिलेलं नाही.

"मंग मला बी बसवा त्या मशीनवर," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं झाली, दोनच्या पुढं डोळा लागत न्हाय. कुणी कणिक मळंल का माझी?"

त्या हसल्या नाहीत. मी म्हटलं, मशीन त्यासाठी नाही, पण डॉक्टरांना दाखवा, मी वेळ लिहून देते.

"नगं. मी हितं बसले तर तिकडं कोण बघंल? ह्यानं मळलेल्या कणकेचे फुलके फुगत बी न्हाईत, ड्रायव्हर नावं ठिवतात." आणि पदर सावरून बाहेर गेल्या.

मी दार लावलं. तिनं बोळे काढले. "काय म्हणाल्या?"

"झोप येत नाही म्हणाल्या. दहा वर्षं."

तिला ते नवीन होतं. तिनं दाराकडं पाहिलं. "मला कधी बोलल्या न्हाईत," ती म्हणाली.

"तुम्ही तरी कुठं बोललात," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं बोळे परत कानात घातले आणि डोकं मागं टेकवलं. मी वेटोळं उजव्या बाजूला खुणेवर आणलं, घड्याळ लावलं. अठ्ठाविसावा दिवस. बाहेर बाकावर सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, आमच्या सुनेला काय बी न्हाय हो, नुसता अशक्तपणा. मग पहिला ठोका पडला आणि पुढचं ऐकू आलं नाही.